बहिणीच्या लग्नात भावाने काय बोलावं?

प्रश्न: पुढच्या महिन्यात पुण्यात ताईचं लग्न आहे. रिसेप्शनला मी बोलायचं ठरलंय. समोर आजीपासून ताईच्या ऑफिसच्या ग्रुपपर्यंत सगळे असतील. हसवायचंय, पण चावटपणा नको आणि रडारडही नको. काय बोलू?

उत्तर: दोन वर्षांपूर्वी कर्वे रोडच्या एका कार्यालयात मी याच जागी उभा होतो, त्यामुळे माझीच गोष्ट सांगतो.

पहिल्या मसुद्यात माझे सात विनोद होते. ताईच्या पोळ्यांचे नकाशे, तिने नाकारलेली स्थळं, पुणेरी पाट्या, असं सगळं. आत्याला वाचून दाखवलं. पोळ्यांवर ती हसली, मग म्हणाली, "हे तिच्या सासूबाई पुढची वीस वर्षं लक्षात ठेवतील." झालं, पोळ्या गेल्या. स्थळं तर जायलाच हवी होती. पाट्या मी हट्टाने ठेवल्या आणि त्याच पडल्या. वरपक्ष कोल्हापूरचा, त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आणि पुणेकरांनी ते आधी शंभर वेळा ऐकलेलं.

शेवटी उरली एकच गोष्ट. घरातून निघाल्यावर ताई हमखास परत वळते: गॅस बंद केला का, कुलूप लागलं का. एकदा महाबळेश्वरला जायला आम्ही स्वारगेटला एसटीत बसलो होतो, गाडी सुटायला दहा मिनिटं होती, आणि ही खाली उतरून शेजारच्या काकूंना फोन करतेय, "काकू, आमचं कुलूप जरा ओढून बघता का?" काकू लग्नात पहिल्या रांगेत होत्या. मी त्यांच्याकडे बघून विचारलं, "काकू, आज ओढलंत का?" सगळ्यात मोठा हशा तिथे पिकला. हे आजीला कळतं, दहा वर्षांच्या भाच्यालाही कळतं आणि ताईची मान खाली जात नाही. सासरी ही सवय कळणारच आहे. कळल्यावर ते वैतागणार नाहीत, हसतील, एवढं बघायचं.

आता खरी मेख. ज्या सवयीवर हसवलं, तिच्यातूनच माया निघाली पाहिजे. बारावीच्या पहिल्या पेपरला मी हॉल तिकीट टेबलावर विसरून गेलो होतो. ताई कॉलेजला निघाली होती, पण गॅस बघायला परत वर आली आणि तिला ते दिसलं. स्कूटी दामटत ती केंद्रावर आली, गेटवर मला ते दिलं आणि एक शब्दही न बोलता गेली. मी भाषणात एवढंच सांगितलं. "तू माझी दुसरी आई आहेस" हे वाक्य लिहिलं होतं, पण आदल्या रात्री खोडलं. हॉल तिकिटानंतर त्याची गरज नव्हती आणि ते म्हणताना मी रडलो असतो. तरी आवाज कापलाच. मग मी ठरवून ठेवल्याप्रमाणे ताईकडे न बघता भाऊजींकडे वळलो. "भाऊजी, दुपारी तुमचा कान पिळला तेव्हा कारण सांगायचं राहिलं. ही अर्ध्या रस्त्यातून परत फिरली तर चिडू नका. तिला काहीतरी सापडणार असतं." कानपिळी सगळ्यांनी त्याच दिवशी पाहिलेली असते, म्हणून हा धागा आयता मिळतो. ऑफिसच्या अमराठी मंडळींसाठी तेवढं एक वाक्य हिंदीत सांगितलं.

वेळ सांभाळ. माझं लिखाण साडेतीनशे शब्दांचं होतं, घड्याळ लावून तीन मिनिटं, आणि हशा धरून चार झाली. फोटोची रांग लागल्यावर बोललास तर कोणी ऐकत नाही. जेवण वाढायला घेतल्यावर तर विचारूच नको. रांग सुरू व्हायच्या आधी, लोक खुर्च्यांवर असताना उरकून घे. माईक तोंडाजवळ धर. मी पोटाशी धरला होता, पहिली दोन वाक्यं वाया गेली. आजीला कमी ऐकू येत असेल तर गोष्ट तिला आधीच सांगून ठेव. आमची आजी योग्य जागी सगळ्यांच्या आधी हसली आणि मागचे तिला बघून हसले.

शेवटी ग्लासबिस उंचावायची आपल्याकडे रीत नाही, आणि हातात ताक घेऊन ते बरंही दिसत नाही. मी "आता भाऊजींनी नाव घ्यावं" म्हणून माईक त्यांच्या हातात दिला. बायका "घ्या, घ्या" म्हणून ओरडायला लागल्या आणि मी गुपचूप खाली उतरलो. बिचाऱ्यांनी उभ्या उभ्या जुळवलं: "कुलूप पाहिलं, गॅस पाहिला, मगच निघाली वरात," आणि पुढे ताईचं नाव गुंफून, "किल्ल्या आता तिच्याच हातात." टाळ्या माझ्यापेक्षा त्यांना जास्त पडल्या.