महिनाभराचा शून्य ट्रॅफिक हा पुरावा नव्हे

प्रश्न: आमच्याकडे एक जुनी अंतर्गत सेवा आहे. गेल्या तीस दिवसांत तिच्यावर हेल्थ चेक सोडल्यास एकही कॉल आलेला नाही. सर्व टीमना मेल पाठवून झाला आहे. आता ती बंद करायला हरकत नाही ना? डेटा कुठे ठेवावा?

हरकत आहे. सर्वप्रथम त्या सर्व्हरवरची logrotate ची सेटिंग उघडून पाहा. तिथे `daily` आणि `rotate 30` असे असेल, तर तीस दिवस हा कालावधी तुम्ही विचार करून निवडलेला नाही. तुमच्याकडे लॉगच तेवढे शिल्लक आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

हे इतक्या ठामपणे लिहितो आहे, कारण नेमका हाच वाद मी एका वाहन-सुटे-भाग वितरक कंपनीत २०२३ च्या जुलैमध्ये घातला होता. वितरकांचे कमिशन काढून देणारी एक जुनी सेवा होती आणि नवी प्रणाली सुरू झाल्यामुळे ती अनावश्यक ठरली, असे सर्वांनी गृहीत धरले होते. आमच्या वरिष्ठांनी पाच जून ते पाच जुलै या काळाचा लॉग दाखवला, त्यात खरोखरच काही नव्हते, आणि त्याच आठवड्यात सर्व्हर काढून टाकायचे ठरले. मी विरोध केला, तेव्हा ‘शून्यापेक्षा कमी ट्रॅफिक कसा दाखवू?’ असे मला भर बैठकीत ऐकवण्यात आले.

त्याआधीचे लॉग शिल्लक नव्हते. पण ती सेवा तयार केलेल्या प्रत्येक विवरणाची नोंद डेटाबेसमध्ये ठेवत होती. लॉग महिनाभरात पुसले जातात, तक्त्यातल्या ओळी मात्र वर्षानुवर्षे राहतात. म्हणून मी एवढेच विचारले:

```sql
SELECT date_trunc('month', created_at) AS mahina,
       count(*)
FROM commission_statements
GROUP BY 1 ORDER BY 1;
```

उत्तरात मे, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी हे चारच महिने भरलेले होते. बाकीचे महिने यादीत नव्हतेच. ज्याने लेखा विभागाशेजारी बसून काम केले आहे, त्याला हे महिने पाहताच उलगडा होईल. कमिशनवरील टीडीएसचे २६क्यू हे तिमाही विवरणपत्र तेव्हा ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांपर्यंत भरावे लागे. मेचे काम आटोपले होते, जुलैचे सुरू व्हायचे होते आणि आमचा तीस दिवसांचा लॉग नेमका त्या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत बसला होता.

सर्व्हर तूर्त राहिला. कॉल करणारा कोण, हे अजून कळायचे होते, कारण मध्ये लोड बॅलन्सर असल्यामुळे लॉगमध्ये प्रत्येक विनंतीसमोर त्याचाच पत्ता दिसत असे. लॉगच्या ओळीत `$http_x_forwarded_for` आणि `$http_user_agent` हे दोन्ही लिहायला लावले, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मध्यरात्रीनंतर लेखा विभागाच्या बॅच सर्व्हरचा पत्ता समोर आला. त्या विभागाला आमचा मेल मिळालेला होता. परंतु मेलमध्ये सेवेचे तांत्रिक नाव होते, आणि ते लोक तिला ‘कमिशन फाइल’ म्हणत असत. आपल्याच कामाविषयी हे लिहिले आहे, हे त्यांना कळण्याचा संभवच नव्हता. सर्वांना एकगठ्ठा पाठवलेला मेल म्हणजे सूचना, हे मी त्या दिवसापासून मानत नाही. कॉल करणाऱ्या प्रत्येक टीमला स्वतंत्र पत्र जावे, त्यात त्यांच्याच मशीनच्या लॉगमधल्या दोन-तीन ओळी असाव्यात, नाव त्यांच्या बोलण्यातले असावे, पर्यायी सेवेचा पत्ता असावा, आणि ‘आम्ही या तारखेपर्यंत बदल करू’ असे त्यांच्या जबाबदार व्यक्तीचे लेखी उत्तर यावे. उत्तर आले नाही, तर सूचना पोहोचलीच नाही असे समजावे.

वेळापत्रकाबाबत माझे मत असे की, सेवा एकदम मारण्याऐवजी आधी पूर्वघोषित वेळी थोडी-थोडी बंद ठेवावी: कामाच्या दिवशी सकाळी पंधरा मिनिटे, पुढच्या खेपेस तासभर, मग पूर्ण दिवस. गिटहबने २०२१ मध्ये पासवर्डने होणारे गिट प्रमाणीकरण बंद करण्याआधी असेच तात्पुरते खंड घेतले होते. मात्र या खंडांमध्ये प्रोसेस थांबवू नये, कारण मग कॉल करणारे प्रोग्राम टाइमआउटपर्यंत ताटकळतात आणि पुन्हा-पुन्हा प्रयत्न करत बसतात. त्याऐवजी स्पष्ट नकार द्यावा:

```nginx
location / {
    default_type text/plain;
    return 410 "Service retired. Contact: platform team\n";
}
```

आणि इथेच बहुतेक जण फसतात: खंडाच्या काळात कोणी तक्रार केली नाही, म्हणजे कोणी वापरत नाही, असा निष्कर्ष काढतात. आम्ही ऑक्टोबरमध्ये लेखा विभागाशी ठरवून, मुदतीला पुरेसे दिवस असताना असा खंड घेतला. त्यांच्या बॅच जॉबला ४१० मिळाले, त्याने ती त्रुटी गिळली, फक्त शीर्षकांची ओळ असलेली रिकामी फाइल तयार केली आणि ‘काम यशस्वी’ अशी नोंद करून तो मोकळा झाला. आम्ही स्वतः ४१० च्या नोंदी वाचत नसतो, तर कोणाच्याही ते ध्यानात आले नसते, आणि शून्य कमिशनचे विवरणपत्र मुकाट पुढे गेले असते. म्हणून खंडानंतर तक्रारींची वाट न पाहता त्या काळात आलेल्या विनंत्या मोजाव्यात.

डेटाविषयी एकच मुद्दा सांगतो, कारण बाकीचे तुम्हाला ठाऊक असणार. `pg_dump` घेऊन स्वस्त स्टोरेजमध्ये टाकले म्हणजे जतन झाले, असे नाही. आमच्या तक्त्यात वितरकांचे पॅन क्रमांक सेवेनेच कूटबद्ध करून ठेवलेले होते आणि त्याची किल्ली सेवेच्या कॉन्फिगरेशनमध्ये होती. डंपमध्ये केवळ न वाचता येणारी अक्षरे आली. सेवेसोबत किल्लीही गेली, की तो साठा कायमचा निरुपयोगी होतो. एडब्ल्यूएसच्या केएमएसमध्ये किल्ली पुसण्यापूर्वी ७ ते ३० दिवसांची प्रतीक्षा असते, पण कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपायची असतात. लेखापरीक्षकाचा प्रश्न त्या तीस दिवसांत येईल, अशी आशा धरू नये. त्यामुळे असे स्तंभ जतनासाठीच्या वेगळ्या किल्लीने पुन्हा कूटबद्ध करावेत, डंप कोऱ्या मशीनवर उतरवावा आणि एखाद्या जुन्या तिमाहीतील एका वितरकाचे विवरण मूळ प्रतीशी पॅनसकट जुळते का, ते तपासावे. साठा कोणत्या क्लाउडवर ठेवावा, हा तुलनेने गौण प्रश्न आहे.

जानेवारीचे विवरणपत्र नव्या प्रणालीतून गेले आणि त्यानंतरच जुना सर्व्हर काढला. वरिष्ठांचे म्हणणे शेवटपर्यंत हेच होते की, एका फाइलसाठी मी सहा महिने सर्व्हरचे भाडे वाया घालवले. ते भाडे आणि चुकीचे विवरणपत्र दुरुस्त करण्याचा खर्च यांची तुलना करण्याची तयारी त्यांनी कधी दाखवली नाही.

अर्थात, तुमच्या सेवेत दुरुस्त न होणारी सुरक्षा-त्रुटी असेल, तर वर्षभराचे चक्र पाहत बसू नका. तिला बाहेरच्या नेटवर्कपासून तोडा, ओळखीच्या पत्त्यांनाच प्रवेश द्या आणि मग वरील क्रम पाळा. सेवा नोंदीच ठेवत नसेल, तर माझी क्वेरीही कामाची नाही. अशा वेळी आजपासून लॉग जपायला सुरुवात करून किमान एक तिमाही आणि मार्चअखेर पार पडू द्यावी लागेल. आणि सर्व्हर काढाल त्याच दिवशी त्याची डीएनएस नोंदही काढा, कारण क्लाउडवरचा सोडून दिलेला पत्ता उद्या दुसऱ्या कोणाला मिळू शकतो आणि तुमच्याच नावाने तो उत्तरे देऊ लागतो.