'काळं जिरं' म्हणजे नेमकं कोणतं, आणि नोंदीत 'द्यावे' लिहायचं का?

प्रश्न: "बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत जाऊन आम्ही घरगुती औषधांतले मसाले आणि काष्ठौषधी यांची माहिती लिहून घेतोय. दांडिया बाजारातल्या एका आजींनी 'पोरांना जंत झाले की काळं जिरं' असं सांगितलं. कंसात शहाजिरं लिहू की कलौंजी? आणि वाक्य 'द्यावे' असं करायचं की 'देतात'?"

कंसात सध्या काहीच लिहू नका. आजींचा शब्द अवतरणात तसाच ठेवा आणि आधी डबा बघून या. माझा अंदाज आहे की डब्यात शहाजिरंही निघणार नाही आणि कलौंजीही नाही. तिसरंच काहीतरी निघेल.

'काळं जिरं' या नावाचा घोळ जुना आहे. भावप्रकाश निघंटू या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तीन जिरी एकत्र सांगितली आहेत: साधं जीरक, कृष्णजीरक आणि कालाजाजी. म्हणजे तिथेच दोन जिरी काळी झाली. त्यातलं पहिलं म्हणजे शहाजिरं आणि दुसरं म्हणजे कलौंजी, असं सहसा धरतात. मराठीत हे दोन्ही अर्थ उतरले. त्यामुळे काही घरांत काळ्या मसाल्यातल्या शहाजिऱ्याला काळं जिरं म्हणतात, तर काही घरांत नानवर भुरभुरायच्या कलौंजीला. कोशात दोन अर्थ सापडले तर कोशकाराला दोष देऊ नका, बोलण्यातच दोन आहेत.

बडोद्यात यात गुजराती मिसळते. गुजरातीत 'काळीजीरी' नावाची एक वेगळीच वस्तू आहे. मराठीत तिला कडू जिरं किंवा रानजिरं म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत ती व्हर्नोनिया अँथेलमिंटिका किंवा सेंट्राथेरम अँथेलमिंटिकम या नावाने सापडते, हल्ली बॅक्कारॉइडिस अँथेलमिंटिका म्हणतात. जिऱ्याशी तिचं दूरचंही नातं नाही. जिरं आणि शहाजिरं कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातली, कलौंजी मोरवेलीच्या कुळातली आणि ही सूर्यफुलाच्या. तरी तिन्हींना जिरं हेच नाव चिकटलं.

पिढ्यान्पिढ्या बडोद्यात राहिलेल्या मराठी घरात गांध्याकडे, म्हणजे काष्ठौषधी विकणाऱ्याकडे, 'काळीजीरी' मागायची आणि घरी येऊन तिचं 'काळं जिरं' करायचं, हे सहज घडतं. 'काळी'चं 'काळं' झालं, 'जीरी'चं 'जिरं' झालं आणि शब्द अस्सल मराठी दिसू लागला. म्हणून पहिली खूण लिंगात शोधा. बोलताना आजींच्या तोंडून एकदा जरी 'ती काळी जिरी' असं स्त्रीलिंगी रूप निसटलं, तर गुजराती वस्तूचा संशय घ्यायला जागा आहे. पण नपुंसकलिंगी रूप आलं म्हणून काही सिद्ध होत नाही. ते मराठीकरणही असू शकतं.

आता विचारायचं कसं? "शहाजिरंच ना, आजी?" असं विचारलंत की उत्तर "हो, तेच" असंच येणार. पाहुणा एवढा लिहून घेतोय, त्याला कशाला नाही म्हणायचं, असा आपल्याकडचा हिशेब. नाव सुचवणारा प्रश्न टाळा आणि वस्तूच्या वापराचा प्रश्न विचारा. उदाहरणार्थ असं:

"हे तुम्ही फोडणीत घालता का?"
"फोडणीत? छे! आमटी फुकट जाईल."
"दुकानात काय म्हणून मागता?"
"काळीजीरी. मेथी-अजम्याबरोबर घेऊन जातात बघा बायका, ती."
"जरा डबा बघायला मिळेल?"

पहिल्या उत्तरातच शहाजिरं आणि कलौंजी बाद होतात, कारण दोन्ही स्वयंपाकातली आहेत. कडू जिरं नावाप्रमाणे कडूजहर असतं. ते मसाल्याच्या डब्यात नसतं, औषधाच्या वेगळ्या डब्यात किंवा पुडीत असतं. दुसऱ्या उत्तरात दुकानातलं नाव मिळालं; अजमा म्हणजे आपला ओवा. घरातलं नाव आणि दुकानातलं नाव या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या एका रकान्यात कोंबू नका.

डबा उघडला की दहाबारा दाणे पांढऱ्या बशीत पसरा. शहाजिरं साध्या जिऱ्यापेक्षा बारीक, किंचित वाकलेलं आणि तपकिरी असतं. त्यावर उभ्या रेषा दिसतात आणि बोटांत चुरडलं की मसाल्याचा गोडसर वास सुटतो. कलौंजी मिट्ट काळी, कोनेदार, थोडी खरबरीत. तिच्यावर उभ्या रेषा नसतात, आणि दाणा फोडला तर आत पांढरा गर दिसतो. कडू जिरं या दोन्हींहून लांब, साधारण अर्धा सेंटिमीटर. ते काळपट तपकिरी असतं, त्यावर उठून दिसणाऱ्या उभ्या कडा असतात आणि एका टोकाला बारीक केसांचा झुबका, निदान त्याचे तुटके अवशेष तरी, असतात. भिंगातून हा झुबका दिसला की वाद मिटला, कारण जिऱ्याला किंवा कलौंजीला तो नसतोच. चाखून बघायच्या फंदात पडू नका. कडू आहे की नाही हे आजी सांगतीलच.

आलेखाच्या कागदावर दाणे ठेवून फोटो काढा आणि आजींची परवानगी असेल तर चिमूटभर नमुना पुडीत घ्या. पुडीवर नोंदीचा क्रमांक आणि तारीख टाका. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे, तिथल्या कुणाला दाखवता आलं तर उत्तम. तेही जमलं नाही तर पावसाळ्यात कुंडीत थोडे दाणे पेरा. कडू जिऱ्याला जांभळ्या फुलांचे गेंद येतात, कलौंजीला बडीशेपेसारखी चिरलेली पानं आणि फिकट निळी-पांढरी फुलं. मात्र बाजारातला जुना माल उगवेलच असं नाही, आणि न उगवला तर त्यावरून काहीच ठरत नाही.

एवढी उस्तवार कशाला, असं मंडळात कुणीतरी म्हणेलच. तुम्ही कंसात चुकून 'शहाजिरे' लिहिलंत तर वाचणारा स्वयंपाकघरातला मसाला समजेल. उलट, दुसऱ्या घरच्या खऱ्या शहाजिऱ्याला 'कडू जिरे' लिहिलंत तर स्वयंपाकात न घालण्याची वस्तू कुणाच्या तरी वाटीत जाईल. कंसातल्या एका शब्दाने हे होतं.

आता क्रियापदाकडे. 'द्यावे' नको. 'घ्यावे, कुटावे, उकळावे, द्यावे' ही आपल्याकडे पाककृतीची आणि औषधाच्या पुस्तकांची भाषा आहे. ती वाचली की वाचणारा कृती करायला बसतो. 'देतात' वरवर निरुपद्रवी दिसतं, पण त्यात 'सगळेच देतात आणि आजही देतात' असा अर्थ शिरतो. आजींनी एवढं सांगितलेलं नाही. त्या बहुधा 'द्यायचो' किंवा 'सासूबाई द्यायच्या' असं म्हणाल्या असतील. ते रूपच लिहा. 'द्यायच्या'मध्ये काळ, माणूस आणि सवय तिन्ही आहेत, सल्ला मात्र नाही.

त्या 'सासूबाई द्यायच्या म्हणे' असं बोलल्या असतील तर तो 'म्हणे' जपा. मजकूर 'स्वच्छ' करणारे लोक आधी हाच शब्द उडवतात. वास्तविक माहिती कुठून आली, ते तोच सांगतो. आजींनी स्वतः पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.

'वर' या शब्दयोगी अव्ययापासूनही जपा. 'जंतांवर कडू जिरे' असं शीर्षक दिलंत की काम बिघडलं. खोकल्यावर काढा, तापावर गोळी, विषावर उतारा: मराठीत हा 'वर' गुण येण्याची हमी घेऊनच येतो. खाली 'हा वैद्यकीय सल्ला नाही' असं कितीही ठळक छापलं तरी शीर्षक ते खोटं पाडतं. म्हणून नोंदी रोगांच्या नावाने लावूच नका, वस्तूंच्या नावाने लावा. रोगवार सूची म्हणजे घरचा वैद्य झाला.

आणि 'जंत' हा शब्दही अवतरणातच हवा. जंत झाले हे कशावरून कळायचं, असं विचारा. "रात्री दात खायचा ना पोरगा" असं उत्तर येण्याची बरीच शक्यता आहे. दात खाणं म्हणजे जंत, ही आपल्याकडची घरोघरची समजूत. ती समजूत म्हणून लिहा. तुमच्या नोंदीतला 'जंत' कुणी तपासलेला नाही. तसंच 'पित्ता'चं ॲसिडिटी आणि 'वाता'चं गॅस करून टाकू नका.

प्रमाणाबाबत माझं मत थोडं कडक आहे. 'चिमूट', 'सहाणेवर चार वेढे' असे शब्द मूळ नोंदवहीत आजींच्या तोंडचे म्हणून ठेवा, पण छापायच्या मजकुरातून गाळा. ग्रॅममध्ये तर मुळीच बदलू नका. चिमूट बोटांवर ठरते, वेढा सहाणेच्या खरखरीतपणावर आणि हाताच्या दाबावर. ग्रॅम लिहिले की तो डोस होतो, आणि तो आजींनी कधी सांगितलेलाच नसतो. तीन घरांच्या माहितीची बेरीज करून एक 'पारंपरिक कृती' तयार करणंही तसंच. ती कुठल्याच घरात कधी झालेली नसते.

मग छापायची नोंद साधारण अशी होईल: "'काळं जिरं'. दुकानात मागताना 'काळीजीरी'. डबा पाहिला, फोटो व नमुना घेतला. टोकाला केसांचा झुबका असलेले कडू जिरे. सांगणाऱ्या बाई सत्तरीपुढच्या, सासर बडोदे. 'मुलांना जंत झाले की सासूबाई द्यायच्या' असे त्यांनी सांगितले. जंतांची खूण म्हणून 'दात खाणे' सांगितली. स्वतः कधी दिले नाही."

एक विचारायचं राहू देऊ नका: ही माहिती सासूबाईंकडची की फोनवर आलेली? मेथी, अजमो आणि काळीजीरी या तिघांच्या मिश्रणाचे निरोप गेली कित्येक वर्षं फिरतायत, आणि ते वाचलेल्या घरांत 'आमच्याकडे पूर्वीपासून' असं सांगायची पद्धत पडली आहे. दुकानात मेथी-अजम्याबरोबर काळीजीरी घेऊन जाणाऱ्या बायका आजींनी आत्ताआत्ता पाहिल्या असतील, तर ते वाक्य वेगळ्या नोंदीत जाईल.

डबा रिकामा निघाला, किंवा "हल्ली आणत नाही" असं उत्तर आलं, तर 'काळं जिरं' एवढंच लिहा आणि पुढे 'वस्तू पाहिली नाही' असा शेरा मारा.