साठ हजार बाकी आणि मिनिमम ड्यू: किती महिने लागतील?

प्रश्न: क्रेडिट कार्डवर ६०,००० बाकी आहे. मिनिमम ड्यू ३,१०० च्या आसपास येतो, तो वेळेवर भरतो. कार्ड थोडंफार वापरतो पण. तरी बाकी हलतच नाही, असं का? आणि असंच भरत राहिलो तर किती महिन्यांत संपेल?

उत्तर:

असंच भरत राहिलात तर वीस वर्षांच्या वर. टायपो नाहीये, वर्षंच म्हणतोय. आणि हे पण कधी, तर आजपासून कार्डला हात लावला नाही तर.

कसं ते सांगतो. मी महापेला एमआयडीसीत नोकरीला आहे, याच खड्ड्यात ११ महिने होतो त्यामुळे हा हिशोब तोंडपाठ झालाय.

आधी तुमचा व्याजदर बघा, स्टेटमेंटच्या शेवटी बारीक अक्षरात असतो. बऱ्याच कार्डांवर महिना ३.५ टक्के किंवा ३.७५ टक्के असतो. मी ३.५ धरतो. पण तेवढंच नसतं, व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३.५ चे झाले ४.१३ टक्के. हे लोक विसरतात, मी पण विसरलो होतो. ६०,००० वर एका महिन्याचं व्याज आणि जीएसटी मिळून २,४७८ रुपये. बाकी झाली ६२,४७८, तिच्या ५ टक्के म्हणजे ३,१२४ हा तुमचा मिनिमम ड्यू, म्हणजे तुम्ही सांगताय त्याच्याशी जुळतंय. आता ३,१२४ मधले २,४७८ तर व्याजातच गेले, मुद्दलातून कमी झाले फक्त ६४६. पुढच्या महिन्यात बाकी ५९,३५४. म्हणून तुम्हाला वाटतं की हलतच नाही. हलतंय, पण मुंगीच्या पावलांनी.

एक वर्ष पुढे जाऊन बघा. बारा महिन्यांत तुम्ही भरणार ३५,३४६ रुपये आणि बाकी राहणार ५२,६९२ च्या आसपास. पस्तीस हजार खिशातून गेले आणि कर्ज उतरलं सात हजार तीनशे. बाकी अर्धी, म्हणजे तीस हजारावर यायलाच ६४ महिने, सव्वापाच वर्षं.

आणि इथे अजून एक गंमत आहे (गंमत कसली). बाकी कमी झाली की मिनिमम ड्यू पण कमी होतो, कारण तो टक्केवारीत आहे. माणसाला वाटतं चला बरं झालं, या महिन्यात शंभर रुपये कमी भरायचे. पण त्यामुळेच शेवट लांबत जातो. बँकेने खालची मर्यादा समजा २०० रुपये ठेवली असेल तर पूर्ण संपायला साधारण २९३ महिने, चोवीस वर्षं, आणि व्याज-जीएसटी मिळून २ लाख २० हजारांच्या घरात. साठ हजारांवर.

तुम्ही म्हणाल मग बँका ५ टक्केच का घेतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्डांच्या नियमांत असं आहे की मिनिमम ड्यू एवढा तरी हवा की तो भरल्यावर बाकी उलटी वाढता कामा नये. ४.१३ पेक्षा ५ जास्त आहे, झालं, नियम पाळला गेला. वाढत नाही एवढीच हमी आहे, कधी संपेल याची नाही. काही कार्डांवर पद्धत वेगळी असते, पूर्ण व्याज आणि टॅक्स अधिक मुद्दलाचे ठरावीक टक्के. तिथे मुद्दलाचे ५ टक्के घेत असतील तर तुमचा मिनिमम ५,४७८ आला असता आणि बाकी चौदा महिन्यांत अर्धी झाली असती. तुमचा ३,१०० येतोय म्हणजे तुम्ही पहिल्या प्रकारात आहात.

आता किती महिने हे स्वतः काढायचं असेल तर एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हे टाका:

```
=NPER(0.0413,-5000,60000)
```

पहिला आकडा जीएसटीसकट महिन्याचा दर, मग तुम्ही दर महिन्याला न चुकता भरणार ती रक्कम (आधी वजा), मग बाकी. उत्तर येतं १६.९, म्हणजे १७ महिने, एकूण भरणार ८४ हजार पाचशेच्या आसपास. तुमचा दर ३.७५ असेल तर 0.0413 च्या जागी 0.04425 टाका.

आता गंमत बघा. ५,००० च्या जागी 3124 टाका, म्हणजे आजचा जो मिनिमम आहे तोच आकडा धरून ठेवायचा, बँकेने पुढे कमी मागितला तरी आपण तेवढेच भरायचे. ३९ महिने येतात. एक रुपया जास्त न भरता चोवीस वर्षांचे सव्वातीन वर्षं झाले! तरी एकूण १ लाख २१ हजार जातात, म्हणजे दुप्पट, त्यामुळे हा उपाय म्हणून सांगत नाहीये, फक्त कमी होत जाणारा मिनिमम काय करतो ते दिसावं म्हणून. ८,००० टाकलेत तर १० महिने आणि एकूण ७३ हजार. आणि 2400 टाकून बघा, उत्तरच येत नाही, #NUM! दाखवतं. कारण व्याजच २,४७८ आहे, २,४०० भरून ते कधीच संपणार नाही.

आता तुमच्या प्रश्नातलं ते "कार्ड थोडंफार वापरतो पण". खरं दुखणं तिथे आहे. जोपर्यंत मागची बाकी पूर्ण भरलेली नाही तोपर्यंत ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, नवीन खरेदीवर पण त्याच दिवसापासून व्याज चालू. म्हणजे ५ तारखेला ४,००० चा किराणा भरलात आणि स्टेटमेंट २० तारखेला निघालं तर त्यावर पंधरा दिवसांचं व्याज आणि जीएसटी मिळून ऐंशी रुपये लागलेच. ऐंशी रुपयांचं काही नाही हो, पण हिशोब असा बघा की तुम्ही ५,००० भरले आणि ४,००० चा किराणा कार्डवर घेतला तर खरे भरले किती? एक हजार. आणि व्याज २,४७८. म्हणजे त्या महिन्यात बाकी दीड हजाराने वाढली, तुम्ही मात्र मनात म्हणताय की मी पाच हजार भरतोय. वरचे सगळे महिने नवीन खरेदी शून्य असेल तरच खरे. किराणा, पेट्रोल, मोबाइलचं रिचार्ज सगळं यूपीआयवरून थेट खात्यातून करा, आणि कार्डवर कुठलं ओटीटी किंवा इन्शुरन्सचं ऑटोपे लागलंय का ते बघून काढून टाका. माझ्याकडे एक विसरलेलं निघालं होतं.

माझं सांगतो. मुलीचा लॅपटॉप आणि फ्रिज एकाच महिन्यात आले, व्याज धरून ४८ हजार झाले होते. कार्ड कपाटात ठेवून दिलं, दर महिन्याला मिनिमम भरत गेलो, पहिला अडीच हजारांचा होता. अकरा महिन्यांनी बघितलं तर २६ हजार भरून झालेले आणि बाकी ४२,६००. ऐरोलीवरून ठाण्याला जाताना लोकलमध्ये आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना सहज दाखवलं, त्यांनी मोबाइलवर दोन मिनिटांत वरचा तो फॉर्म्युला मारला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही बँकेला भाडं देताय, कर्ज कुठे फेडताय?" मग कंपनीच्या पतसंस्थेतून ११ टक्क्यांनी कर्ज काढलं आणि कार्ड एकरकमी मोकळं केलं. ११ टक्के वर्षाचे हां, कार्डचे ३.५ महिन्याचे, वर्षाचे ४२ होतात जीएसटी सोडून. २४ हप्ते, महिना २,००० च्या आत. म्हणजे मिनिमम भरत होतो त्यापेक्षा हप्ता कमी आणि दोन वर्षांत विषय संपला, व्याज सगळं मिळून पाच हजार.

तुमच्याकडे पतसंस्था नसेल तर कार्डवाल्या बँकेलाच विचारा की बाकीचा ईएमआय करून देता का, तो दर रिव्हॉल्विंगपेक्षा बराच कमी असतो. प्रोसेसिंग फी किती आणि मधेच बंद केलं तर चार्ज किती हे आधी विचारून घ्या. आणि लक्षात ठेवा, ईएमआय केला की तो अख्खा हप्ता मिनिमम ड्यूमध्ये धरला जातो, त्यामुळे मिनिमम एकदम मोठा दिसेल, घाबरू नका. १६ टक्क्यांचं पर्सनल लोन जरी मिळालं तरी ६०,००० चे १८ हप्ते ३,७७१ चे होतात, एकूण ६८ हजारांच्या आत. एफडी पडून असेल तर ती मोडा सरळ. सहा-सात टक्के कमवायचे आणि इकडे बेचाळीस द्यायचे याला काही अर्थ नाही. भिशी लावली असेल तर या वेळी नंबर आधी मागून घ्या.

काहीच जमत नसेल तर निदान मिनिमम चुकवू नका, कारण ते चुकलं की लेट फी आणि सिबिलवर डाग दोन्ही. मिनिमम ड्यूचा उपयोग तेवढाच आहे. आणि जे काही भरायचं ते ड्यू डेटची वाट न बघता पगार झाला की भरा, व्याज रोजच्या बाकीवर लागतं त्यामुळे दहा दिवस आधी भरले तर दहा दिवसांचं वाचतं.

अजून एक, कारण यात मी बँकेशी भांडलो होतो. सगळे ४२,६०० भरून टाकले, दोन दिवस खूश होतो, आणि पुढच्या स्टेटमेंटला ६९४ रुपये बाकी! कस्टमर केअरला फोन लावून तणतण केली. नंतर कळलं की स्टेटमेंट निघाल्यापासून मी पैसे भरेपर्यंत जे बारा दिवस गेले त्यांचं व्याज आणि जीएसटी होतं ते, चूक माझीच. तुम्ही पूर्ण भराल तेव्हा पण असं येईल, ते शे-पाचशे तेवढे लगेच भरून टाका, दुर्लक्ष करू नका. माझं त्याच्या पुढचं स्टेटमेंट शून्याचं आलं.