सौदा मोडला की फसवणूक झाली? वाचकांच्या कायदेविषयक प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: ‘पैसे बुडाले, म्हणजे ४२०.’ त्यामुळे या वेळी याच विषयावरची निवडक पत्रे घेतली आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या कलम ४२० च्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) आले आहे. त्याआधी घडलेल्या व्यवहारांना मात्र जुनी दंड संहिताच लागू होते. शिक्षेची कमाल मर्यादा दोन्हीकडे सात वर्षेच आहे आणि फसवणूक कशाला म्हणायचे, याची कसोटीही बदललेली नाही.

मित्राला तीन लाख हातउसने दिले. दीड वर्ष झाले, परत देत नाही. ४२० लागेल का?

एवढ्यावरून नाही. पैसे घेताना तो तुमच्याशी काही खोटे बोलला होता, असे तुमच्या पत्रात कुठेही नाही. वसुलीचा दिवाणी दावा लावा आणि त्यासाठी वकिलांना भेटा. मुदतीविषयीचे शेवटचे उत्तर तुम्हीही वाचा.

निफाड तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. व्यापाऱ्याने ४५ रुपये किलोने सौदा केला. पहिल्या गाडीचे १,८०,००० रोख दिले, दुसरी गाडी उधार नेली. तिसरी भरण्याआधी दुसरी, तिसरी आणि चौथी अशा तिन्ही गाड्यांचे मिळून सहा लाखांचा पुढील तारखेचा चेक दिला. चौथी गाडी गेली आणि फोन बंद. चेक ‘खाते बंद’ शेऱ्याने परत आला. पोलीस म्हणतात, हा दिवाणी व्यवहार आहे. तो फसवणूक का नाही?

तो फसवणूक असू शकतो. तुम्ही पोलिसांपुढे कोणती कागदपत्रे ठेवता आणि कोणत्या तारखा सांगता, यावर ते ठरेल. या पत्राचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल, कारण सगळा घोळ याच ठिकाणी होतो.

कायद्याची कसोटी जुनीच आहे. १८६० च्या दंड संहितेत कलम ४१५ खाली निळीच्या रोपांचे एक उदाहरण दिलेले होते. रोपे द्यायचीच नाहीत असे मनात ठरवून कुणी ती देण्याच्या वचनावर आगाऊ रक्कम घेतली, तर ती फसवणूक ठरते. पैसे घेताना रोपे देण्याचा इरादा खरा होता आणि नंतर वचन मोडले, तर तो केवळ करारभंग असतो व त्याचा उपाय दिवाणी न्यायालयात आहे. दोन्ही प्रसंगांत समोरच्याचे नुकसान तेवढेच होते. फरक आहे तो पैसे किंवा माल हातात घेताना घेणाऱ्याच्या मनात काय होते, एवढ्याचाच.

मन कुणाला उघडून पाहता येत नाही, म्हणून न्यायालय त्या वेळच्या वस्तुस्थितीवरून अनुमान काढते. नंतरचे वागणेही विचारात घेतले जाते, पण तेवढी एकच कसोटी पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य (२०००) या निकालात स्पष्ट केले आहे. ‘पैसे दिले नाहीत, फोन बंद केला, म्हणून त्याचा हेतू पहिल्यापासून वाईट होता’ हा युक्तिवाद त्यामुळे एकट्याने टिकत नाही. भाव कोसळल्याने किंवा पुढच्या खरेदीदाराने बुडवल्याने तोंड चुकवणारा व्यापारीही फोन बंदच करतो. तो वाईट देणेकरी असेल, पण तेवढ्याने गुन्हेगार ठरत नाही.

आता तुमच्या चार गाड्या वेगवेगळ्या पाहू. ‘सुरुवात’ म्हणजे फक्त सौदा ठरला तो दिवस, असे बहुतेक लोक धरून चालतात आणि तिथेच चुकतात. विचारायचे ते असे, की कोणत्या खोट्यावर विश्वास ठेवून तुम्ही कोणता माल हातावेगळा केला? पहिल्या गाडीचे पैसे मिळाले, तिचा प्रश्न नाही. मात्र ‘मी पहिले पैसे रोख दिले, म्हणजे माझा इरादा साफ होता’ असे त्याचा वकील नक्की म्हणेल. त्यावर तुमचे उत्तर असे, की पहिली रोख रक्कम आमिषही असू शकते. परंतु तसे नुसते म्हणून भागणार नाही. त्याच आठवड्यात त्याने आणखी काही शेतकऱ्यांना पहिली गाडी रोख आणि पुढच्या उधार, अशाच रीतीने गाठले होते का, हे शोधा. तसे असेल तर त्यांचे स्वतंत्र जबाब नोंदवायला सांगा.

दुसऱ्या गाडीबाबत तुमची बाजू सध्या सर्वांत दुबळी आहे, कारण ती उधारीच्या साध्या शब्दावर गेली. त्याने खोटे नाव सांगितले असेल, नसलेल्या शेडचा पत्ता दिला असेल किंवा दुसऱ्याचा बाजार समितीचा परवाना आपला म्हणून दाखवला असेल, तर चित्र बदलते. पण ते तुम्ही पत्रात लिहिलेले नाही.

तिसरी आणि चौथी गाडी मात्र चेक पाहून भरली गेली. तुमच्या हातातला सर्वांत मोलाचा पुरावा हाच आहे. ते खाते कोणत्या तारखेला बंद झाले? चेक देण्याच्या आधीच बंद झाले असेल, तर बंद खात्याचा चेक पुढे करून त्याने तुमच्याकडून माल काढून घेतला, असा थेट मुद्दा उभा राहतो. चेक दिल्यानंतर दोन आठवड्यांनी बंद झाले असेल, तर तोच चेक बराच कमकुवत पुरावा ठरतो. बँक ही तारीख तुम्हाला सांगणार नाही. तपास अधिकारी किंवा न्यायालय मात्र ती मागवू शकते, म्हणून तक्रारीत तशी स्पष्ट मागणी लिहा. चारही गाड्या भरून गेल्यावर चेक मिळाला असता, तर त्याच्या भरवशावर तुम्ही काहीच दिले नव्हते असे ठरले असते. म्हणून चेकची वेळ आणि गाडीची काटा पावती यांचा क्रम सिद्ध झाला पाहिजे. खुडा करणारे मजूर, गाडीचा चालक आणि मोबाइलमधला चेकचा फोटो, या सगळ्यांच्या वेळा आजच टिपून ठेवा. लोक मला ‘मार्चच्या सुमारास’ असे लिहितात. त्याचा काही उपयोग होत नाही.

पोलीस ठाण्यात नोंद घेत नसतील, तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. त्यानंतर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. व्यापारी व्यवहारांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा ललिता कुमारी निकालाने (२०१३) दिलेली आहे, त्यामुळे चौकशी सुरू झाली म्हणून चिडू नका. पण चेक परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी त्याला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करावी लागते. त्या खटल्यात सौद्याच्या वेळचा बेइमान हेतू सिद्ध करावा लागत नाही. तेव्हा हे उत्तर वाचून झाल्यावर वकिलांकडे जाण्यासाठी पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका.

एका सल्लागाराने सांगितले की तक्रारीत ‘आरोपीचा सुरुवातीपासूनच फसविण्याचा इरादा होता’ हे वाक्य घातले की एफआयआर होतेच. तो पंधरा हजारांत मसुदा करून देतो. देऊ का?

देऊ नका. हे वाक्य तयार छापील अर्जात रिकामी जागा भरावी तसे हजारो तक्रारींत घातलेले असते आणि प्रत्येक न्यायाधीशाला ते ओळखू येते. त्याच्या मागे घटना नसेल, तर आरोपी उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करतो आणि त्यात तुमची वर्षे जातात. दिवाणी वादाला फौजदारी रंग देऊन दबाव आणण्याच्या प्रवृत्तीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने इंडियन ऑईल विरुद्ध एनईपीसी इंडिया (२००६) या प्रकरणात कडक शब्द वापरले आहेत. त्याच निकालात असेही म्हटले आहे, की व्यवहार व्यापारी असला म्हणून त्यात गुन्हा नसतोच असे नाही. सल्लागार मंडळी यातले आपल्याला हवे ते अर्धेच सांगतात. शिवाय जे घडलेच नाही ते तक्रारीत लिहिले, तर त्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. मसुदा करणारा तेव्हा सापडत नाही.

प्लॉटसाठी पाच लाख विसार दिला. मालकाने तो दुसऱ्याला विकला. फसवणूक झाली ना?

विक्री कधी झाली, ते आधी पाहा. तुमच्याकडून विसार घेण्यापूर्वीच प्लॉट विकलेला होता आणि ते लपवले, तर फसवणुकीचा मुद्दा भक्कम आहे, कारण बेइमानीने वस्तुस्थिती लपवणे हीदेखील कायद्याच्या लेखी फसगतच आहे. विसार घेतल्यानंतर जास्त भाव मिळाला म्हणून विकला असेल, तर बहुधा तो करारभंगच ठरेल. इंडेक्स-टू काढा, त्यावरची नोंदणीची तारीख विसार पावतीच्या तारखेशी जुळवा आणि दोन्ही कागद घेऊन वकिलांकडे जा.

तक्रारीत फसवणूक आणि विश्वासघात ही दोन्ही कलमे घातली तर केस मजबूत होते का?

नाही. फसवणुकीत इरादा आधीपासून खोटा असतो. फौजदारी विश्वासघातात मालमत्ता आधी रीतसर सोपवलेली असते आणि पुढे तिचा अपहार होतो. एकाच घटनेवर ही दोन्ही कलमे एकत्र टिकत नाहीत, हे दिल्ली रेस क्लब प्रकरणात (२०२४) सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले आहे.

मी फर्निचरचे काम घेतो. दोन लाख आगाऊ घेतले, कारागीर सोडून गेले, काम रखडले. ग्राहक ‘४२० टाकतो’ म्हणतो, पोलिसांचाही फोन आला. काय करू?

पोलिसांचा फोन टाळू नका. लेखी नोटीस आली, तर ठरल्या तारखेला हजर राहा आणि अटकेची शक्यता वाटत असेल, तर आधीच वकिलांमार्फत अटकपूर्व जामिनाचा विचार करा. आगाऊ रक्कम मिळाल्यावर लगेच घेतलेल्या प्लायवूडची बिले, कारागिरांना दिलेली मजुरी आणि झालेल्या कामाचे तारखेसह फोटो, हे काम करण्याचा तुमचा इरादा खरा होता याचे पुरावे आहेत. न झालेल्या कामाची रक्कम परत करायची असेल, तर ती रोख न देता बँकेतून द्या. ‘गुन्हा मान्य आहे’ अशा अर्थाच्या कागदावर पोलीस ठाण्यात बसून सही करू नका.

पोलिसांत अर्ज देऊन दोन वर्षे झाली, चौकशी चालू आहे. त्यांचा निर्णय आल्यावर दिवाणी दावा करायचा आहे. चालेल ना?

अजिबात चालणार नाही, आणि अशी पत्रे दर महिन्याला येतात. पोलिसांकडे अर्ज पडून आहे म्हणून दिवाणी दाव्याची मुदत थांबत नाही. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षे मिळतात आणि मागणी करताच परत करायच्या हातउसन्यात ती पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजली जातात, तुम्ही मागितल्याच्या दिवसापासून नाही. उधारीची मुदत ठरवून माल विकला असेल, तर ती मुदत संपल्यापासून मोजतात. मुदत संपण्याआधी समोरच्याने देणे मान्य असल्याचे सही करून लिहून दिले, तर नव्याने तीन वर्षे मोजता येतात. काही रक्कम भरली आणि त्याची त्याच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद असेल, तरीही तसेच. त्याच्या तोंडी ‘देतो, देतो’ला काही किंमत नाही. दिवाणी दावा आणि फौजदारी तक्रार दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. व्यवहाराची तारीख तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. ती आज शोधा आणि याच आठवड्यात दिवाणी काम करणाऱ्या वकिलांना दाखवा.