सिंगापूर सर्व्हर सगळ्यात जवळ आहे तरी पिंग १७० च्या खाली येत नाही, कोणता डीएनएस लावू की रीजनच बदलू?

डीएनएस बदलून काही होणार नाही. एवढं ठाम लिहितोय कारण याच एका गोष्टीवरून माझं आणि माझ्या मावसभावाचं दोन महिने वाजलं होतं आणि तेवढे दिवस मी टीमच्या बाहेर बसलो होतो.

दादा आमच्या टीमचा कॅप्टन. आमची घरं एकाच भागात, गेम तोच, सर्व्हर तोच सिंगापूरचा, फक्त इंटरनेटवाले वेगळे. त्याचा पिंग ६२, माझा १५२. तो म्हणाला, "अरे मी `1.1.1.1` लावलाय, तू पण लाव." लावला. त्या रात्री १४७ दिसला, लगेच म्हणे बघ उतरला ना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १५३. मग `8.8.8.8` लावला, तेच. शेवटी त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की याचं वाय-फायच खराब आहे, याला मॅचला घेऊ नका. मी तेव्हा लॅन केबलवर खेळत होतो, ते कोणी विचारलंसुद्धा नाही.

डीएनएस फक्त नावाचा पत्ता काढून देतो, एकदाच. पत्ता मिळाला की गेमचे पॅकेट थेट त्या आयपीवर जातात, वाटेत डीएनएस कुठेच नसतो. मी विंडोजमध्ये `resmon` उघडून नेटवर्क टॅबमध्ये गेमच्या प्रोसेससमोरचा आयपी उचलला आणि त्यालाच पिंग केला. नावच वापरलं नाही तर डीएनएसचा संबंध येतोच कुठे, आणि पिंग १५२ च. दादाला स्क्रीनशॉट पाठवला, त्याने पाहिलाही नसेल.

मग पॅकेट कोणकोणत्या राउटरवरून जातं ते दाखवणारा `tracert` लावला, `-d` न घालता, कारण राउटरची नावं बघायची होती. आतला महत्त्वाचा भाग असा होता (नावं इथे छाटलीत):

```
 1     1 ms
 5    14 ms
 6   104 ms   ...mrs...
 7   152 ms   ...sin...
 8   152 ms
```

राउटरच्या नावात बऱ्याचदा शहराचा विमानतळ कोड असतो. `sin` म्हणजे सिंगापूर आणि `mrs` म्हणजे मार्से, फ्रान्समधलं. म्हणजे माझं पॅकेट पूर्वेला जायचं सोडून आधी पश्चिमेला युरोपात जात होतं आणि तिथून वळून सिंगापूरला.

आता खरी गंमत पुढे आहे आणि ती मला दोन रात्री आकडेमोड केल्यावर कळली. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटर अंतराला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद धरा. माझ्यापासून सिंगापूर साधारण ४००० किलोमीटर, म्हणजे ४० च्या खाली कोणीच जाऊ शकत नाही, आणि केबल सरळ रेषेत नसते त्यामुळे दादाचा ६२ हा चांगलाच आकडा. पण मार्से ते सिंगापूर १०,००० किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे जाऊन-येऊन निदान १०० तरी हवेत. माझ्याकडे सहाव्या आणि सातव्या हॉपमध्ये, म्हणजे वाटेतल्या त्या दोन राउटरमध्ये, फरक फक्त ४८. हे जाऊन-येऊन शक्यच नाही. याचा अर्थ एकच निघतो, पॅकेट जाताना मार्सेवरून जातंय पण सिंगापूरचं उत्तर मार्सेला न शिवता सरळ घरी येतंय. `tracert` मध्ये जातानाचीच वाट दिसते, वेळ मात्र दोन्ही वाटांचा मिळून असतो, हे डोक्यात ठेवलं नाही तर हमखास चुकीच्या माणसाशी भांडण होतं. माझ्या बाबतीत येणारी वाट ठीक होती, जाणारी बिघडलेली, आणि जाणारी वाट ठरवतो माझा इंटरनेटवाला. गेम कंपनी नाही, मी तर नाहीच.

असं का करतात? राउटिंगचा प्रोटोकॉल बीजीपी, त्याला मिलिसेकंद कळतच नाहीत. आधी प्रोव्हायडरने स्वतः ठरवलेली पसंती बघितली जाते आणि ती बहुतेक वेळा कोणाकडून ट्रॅफिक पाठवणं स्वस्त पडतं यावर असते, मग मधे किती नेटवर्क आहेत ते मोजलं जातं. अंतर कुठेच मोजलं जात नाही.

रीजनचं म्हणाल तर नकाशा बघून निवडू नका, मोजून निवडा. तेव्हा मला फ्रँकफर्ट १२४ येत होता, म्हणजे नकाशावर दीडपटीहून लांब असलेलं युरोप माझ्यासाठी सिंगापूरपेक्षा जवळ होतं. एकट्याने खेळायचो तेव्हा मी तेच लावायचो. मोजायचं ते रात्री ८ ते ११ मध्ये, सकाळचा आकडा धरू नका. आणि नुसता सरासरी पिंग बघू नका, १२४ वर स्थिर असलेला सर्व्हर ९० आणि १६० मध्ये उड्या मारणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा.

कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तीनदा राउटर बंद-चालू करायला सांगितलं. चौथ्यांदा फोन न करता त्यांच्या नेटवर्क विभागाला मेल टाकला: सर्व्हरचा आयपी, वेळेसकट तीन ट्रेस, मार्सेचा हॉप आणि वरचं गणित चार ओळीत. दादाच्या कनेक्शनवरचा ट्रेसही जोडला, तो त्याच्या बहिणीने काढून दिला. अकरा दिवसांनी पिंग ६३ झाला. मेलला उत्तर आलं नाही, पण ट्रेसमधून `mrs` गेलं होतं.

मधल्या दिवसांत सिंगापूरचा व्हीपीएन वापरला, त्याने ६६ मिळत होता, कारण त्या व्हीपीएनच्या नेटवर्ककडे जाताना माझा प्रोव्हायडर सरळ वाट घेत होता. वाट वाकडी असेल तरच व्हीपीएनने पिंग उतरतो. आता वाट सुधारल्यावर तोच व्हीपीएन लावला तर ३ वाढतात. काही गेममध्ये व्हीपीएन चालत नाही, आधी त्यांचे नियम वाचा.

हो, आणि काही गोष्टी राहिल्या. तुमचा पहिलाच हॉप ३०-४० दाखवत असेल तर वरचं सगळं सोडा, दोष घरात आहे, केबल लावून बघा. मधल्याच एका हॉपवर लॉस किंवा मोठा आकडा दिसला आणि पुढचे हॉप ठीक असले तर घाबरू नका, तो राउटर फक्त पिंगला सावकाश उत्तर देतोय. उडी शेवटपर्यंत टिकली तरच खरी. सर्व्हर पिंगला उत्तरच देत नसेल तर शेवटचा उत्तर देणारा हॉप धरा. आणि डीएनएसने फरक पडण्याची एक शक्यता असते: गेम सर्व्हर नावाने शोधत असेल आणि डीएनएस कुठून विचारतोय त्यावरून वेगळा आयपी मिळत असेल तर. ते असं तपासा:

```
nslookup game.example.com 1.1.1.1
nslookup game.example.com 8.8.8.8
```

`game.example.com` च्या जागी तुमच्या गेमच्या सर्व्हरचं नाव टाका. आयपी वेगळे आले तर दोन्हींना पिंग करून कमीवाला ठेवा. सारखे आले तर डीएनएसचा विषय तिथेच संपला.

दादा अजूनही टीममध्ये नवीन पोरांना सांगतो की मी `1.1.1.1` लावल्यावर याचा पिंग उतरला. ज्या संध्याकाळी ६३ दिसला त्याच संध्याकाळी मी डीएनएस परत ऑटोमॅटिकवर टाकला होता. पिंग ६३ च राहिला, आजही तेवढाच आहे.