ऑटो लॉक बंद करण्याआधी एकदा मागच्या सीटवर बसून बघा

प्रश्न: नवीन गाडी घेतली. वेग घेतला की चारही दरवाजे आपोआप लॉक होतात. अपघात झाला तर आत अडकून पडू का? हे बंद कसं करतात?

बंद करता येतं, कसं ते खाली सांगतो. पण मी स्वतः ते चालूच ठेवतो. गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामात बरीच वर्षं गेली आहेत, आणि माझ्या मते तुमची भीती चुकीच्या जागी आहे.

बहुतेक गाड्यांत ताशी साधारण 15 ते 20 किलोमीटर वेग झाला की लॉक पडतं. काहींमध्ये गिअर P मधून काढला की लगेच. जोराच्या धडकेत एअरबॅगचा कंट्रोल युनिट एअरबॅग उघडतो आणि त्याच वेळी दरवाजांच्या युनिटला सिग्नल पाठवतो. तो मिळाला की सगळी लॉक उघडतात आणि पार्किंगचे चारही दिवे लुकलुकायला लागतात. पुष्कळ गाड्यांत पेट्रोलचा पंपही बंद होतो. ही सोय सेटिंगमध्ये सहसा दिसतच नाही, त्यामुळे ऑटो लॉकशी खेळताना ती चुकून बंद होईल अशी काळजी नको.

आता तिच्या मर्यादा. सिग्नल जायला धडक पुरेशी जोराची लागते. माझ्या मेहुण्याची गाडी थांबलेली असताना मागून एकाने ठोकली. डिकी आत गेली, पण एअरबॅग उघडल्या नाहीत, चार दिवे लागले नाहीत आणि दरवाजे लॉकच राहिले. बाहेरची माणसं हँडल ओढत होती, काही उपयोग नाही. मेहुण्याने आतलं हँडल ओढलं आणि त्याचा दरवाजा उघडला, कारण त्या गाडीत पुढचं आतलं हँडल ओढलं की लॉकही सुटतं. मग त्याने दारावरचं अनलॉकचं बटण दाबलं तेव्हा मागचे दरवाजे बाहेरून उघडले. यातलं काहीही बिघडलेलं नव्हतं, धडक तेवढी मोठी नव्हती इतकंच. आपोआप दिवे लागले नाहीत तर लॉकही उघडलं नसेल असं धरून चाला आणि बटण स्वतः दाबा. बॅटरी किंवा तिची तारच तुटली असेल तर बटणही चालणार नाही, तेव्हा हँडल हाच मार्ग. आणि पत्राच दुमडला असेल तर लॉक उघडं असूनही दरवाजा हलत नाही.

मागे मुलं बसत असतील तर चाइल्ड लॉक बघा. मागच्या दरवाजाच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसणारा तो छोटा खटका बहुतेक गाड्यांत निव्वळ यांत्रिक असतो. धडकेनंतर सगळी लॉक उघडली तरी तो खटका जिथे आहे तिथेच राहतो, म्हणजे मागचा माणूस आतून हँडल ओढत बसेल आणि दार उघडणार नाही. बाहेरून मात्र उघडेल. मुलं लहान असतील तर खटका लावलेलाच बरा, पण मागे मोठी माणसं बसणार असतील तेव्हा तो काढून ठेवा. माझ्याकडे आलेल्या कित्येक गाड्यांत मालकाला तो लावलेला आहे हेच माहीत नव्हतं.

म्हणून आज दहा मिनिटं काढा. गाडी उभी करून आतून लॉक करा आणि एकेका सीटवर बसून हँडल ओढा. कुठे एकदा ओढून उघडतं, कुठे दोनदा लागतं, मागे कुठे आधी खुंटी वर करावी लागते, ते घरच्या सगळ्यांना करून दाखवा. काचही बघून ठेवा: कोपऱ्यात Laminated लिहिलं असेल तर हातोडीने ती चटकन फुटत नाही, Tempered असेल तर फुटते.

राहिली सेटिंग. गाडी थांबवून, P मध्ये, इग्निशन चालू ठेवून स्क्रीनवर Settings, मग Vehicle, मग Doors किंवा Convenience असं शोधा. नावं थोडी बदलतात. मोठी स्क्रीन नसेल तर स्टिअरिंगवरच्या बटणांनी मीटरमधला मेन्यू उघडतो. Auto Lock मध्ये सहसा Off, वेगावर आणि गिअरवर असे पर्याय असतात. त्याला हात न लावता Auto Unlock बदला: P मध्ये टाकल्यावर किंवा इग्निशन बंद केल्यावर सगळे दरवाजे उघडतील असं ठेवा. रोजची कटकट तिथेच संपते, मागच्यांना 'दार उघड' म्हणून ओरडावं लागत नाही. मात्र P वर ठेवलंत तर कुणाला उतरवायला रस्त्याकडेला P मध्ये टाकलं की बाकीचेही दरवाजे उघडतात. गर्दीच्या ठिकाणी मला ते नको वाटतं, म्हणून मी इग्निशनवर ठेवलंय.

मेन्यूत काहीच नसेल तर मॅन्युअलमध्ये बघा. काही गाड्यांत इग्निशन चालू करून ठराविक वेळात लॉकचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, लॉकचा खटखट आवाज आला की बदल झाला. काहींमध्ये मात्र सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर जोडूनच होतं. बदल केल्यावर मोकळ्या जागेत सावकाश 25 पर्यंत वेग नेऊन लॉक कधी पडतं ते कानाने ऐका.