पट्टी, पातिव्रत्य आणि एक क्रियापद

प्रश्न : गांधारीने डोळ्यांवर पट्टी बांधली, ते पातिव्रत्य होतं की निषेध? हल्ली दोन्ही वाचायला मिळतं. मूळ महाभारतात तिच्या तोंडी नेमका कोणता शब्द आहे? आणि ‘पतिव्रता’ या शब्दाचं पुल्लिंगी रूप का नाही?

उत्तर :

पट्टीचा प्रसंग महाभारतात दोनतीन श्लोकांतच उरकला आहे. आपण त्यावर जेवढं बोलतो, त्याच्या मानाने मूळ मजकूर फारच थोडा आहे. म्हणून आधी तो पाहू. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती काढली. तिचं आदिपर्व वि. स. सुकथनकरांनी संपादित केलं आणि ते १९३३ साली पूर्ण झालं. त्यातल्या १०३व्या अध्यायात या ओळी आहेत :

गान्धारी त्वपि शुश्राव धृतराष्ट्रमचक्षुषम् ।
आत्मानं दित्सितं चास्मै पित्रा मात्रा च भारत ॥
ततः सा पट्टमादाय कृत्वा बहुगुणं शुभा ।
बबन्ध नेत्रे स्वे राजन्पतिव्रतपरायणा ।
नात्यश्नीयां पतिमहमित्येवं कृतनिश्चया ॥

धृतराष्ट्र आंधळा आहे आणि आईवडील आपल्याला त्याला देऊ इच्छितात, हे गांधारीने ऐकलं. मग तिने एक वस्त्र घेतलं, त्याच्या पुष्कळ घड्या केल्या आणि ते स्वतःच्या डोळ्यांवर बांधलं. (इथला ‘बहुगुण’ मराठीतल्या ‘बहुगुणी’सारखा नाही. गुण म्हणजे पदर, घडी. आरपार दिसू नये इतकी जाड पट्टी, एवढाच अर्थ.)

आता शेवटच्या दोन ओळींत कोण बोलतंय ते बघा. ‘पतिव्रतपरायणा’ हे विशेषण निवेदकाचं आहे. वैशंपायन जनमेजयाला गोष्ट सांगतो आहे आणि ऐकणारा त्याच कुळातला राजा आहे. गांधारीचे स्वतःचे शब्द ‘इति’च्या आधी येतात : ‘नात्यश्नीयां पतिमहम्’. संस्कृतात अवतरणचिन्हं नसतात, ते काम ‘इति’ करतो. म्हणजे पतिव्रता हा शिक्का बाहेरून मारलेला आहे आणि निश्चयाचं वाक्य तेवढं तिचं आहे. तुमचा प्रश्न या दोहोंमधल्या फटीतूनच निघाला आहे, असं मला वाटतं.

‘अत्यश्नीयाम्’मध्ये ‘अति’ उपसर्ग आहे आणि ‘अश्’ म्हणजे खाणे, उपभोगणे हा धातू. ‘अशन’, ‘अनशन’ हे शब्द त्याचेच. म्हणून शब्दशः अर्थ ‘नवऱ्याला मागे टाकून मी खाऊ नये’, आणि भावार्थ ‘त्याच्या वाट्याला जे येत नाही ते मी भोगू नये’. मी मराठीत आणेन तर असं : ‘नवऱ्याहून जास्त काही माझ्या वाट्याला नको.’ दृष्टी हा इथे ताटातला पदार्थ आहे आणि तो ती स्वतःच्या ताटातून काढून ठेवते.

पण घरोघरी वाचल्या गेलेल्या प्रचलित पाठात हे क्रियापद नाहीच. तिथे ‘नाभ्यसूयां पतिमहम्’ असं आहे. अभ्यसूया म्हणजे मत्सर, दोष काढण्याची वृत्ती. मग वाक्याचा अर्थ होतो, ‘नवऱ्यात उणं पाहण्याची बुद्धी मला होऊ नये.’ बदल दोनतीन अक्षरांचा आहे, पण बाई बदलते. पहिल्या पाठातली गांधारी वाटणी समान करते. दुसऱ्या पाठातली स्वतःच्या मनाला लगाम घालते : डोळे उघडे राहिले तर त्याचं अपंगत्व रोज दिसेल आणि मनात काहीतरी येईल, म्हणून डोळेच बंद. शालीन, आज्ञाधारक पत्नीची जी प्रतिमा आपल्या डोक्यात आहे ती या दुसऱ्या पाठाला जास्त जवळची. ‘अत्यश्नीयाम्’ हा अडखळायला लावणारा शब्द आहे. कुणा नकलकाराने अवघड शब्द काढून ओळखीचा घातला असेल हे पटतं, उलटं घडलं असेल हे पटणं कठीण. पाठचिकित्सेत अवघड पाठ सहसा जुना मानतात तो याच कारणाने.

पुढच्या कथेशीही ‘अभ्यसूया’चा मेळ बसत नाही. उद्योगपर्वात कृष्णाची शिष्टाई फसत आली असताना गांधारीला सभेत बोलावतात. मुलाला चार गोष्टी सांगाव्यात ही अपेक्षा. ती आधी नवऱ्याकडे वळते : ‘त्वं ह्येवात्र भृशं गर्ह्यो धृतराष्ट्र सुतप्रियः’. इथे सर्वांत जास्त निंद्य तूच आहेस, धृतराष्ट्रा. मुलाच्या वेडापायी त्याचं पाप माहीत असूनही त्याच्याच कलाने जातोस. भर सभेत नवऱ्याला ‘गर्ह्य’ म्हणणाऱ्या बाईने दोष न काढण्याचं व्रत घेतलं होतं म्हणायचं तर ते तिने मोडलं असंही म्हणावं लागेल. कथेत तसं कुणीही म्हणत नाही. अर्थात, पाठ निवडताना पात्र सुसंगत वाटतं की नाही हा निकष संपादक लावत नाहीत. वाचक म्हणून मी लावतो.

आता ‘निषेध’. वरच्या ओळींत राग नाही. ‘क्रुद्धा’, ‘दुःखिता’ असं एकही विशेषण नाही. त्यामुळे ‘मूळ महाभारतात गांधारीने निषेध म्हणून पट्टी बांधली’ हे विधान कुणी करत असेल तर ते चुकीचं आहे. पण प्रेमाने बांधली असंही तिथे नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. जे आहे ते फार कोरडं आहे. आधीच्याच श्लोकांत तिचा बाप सुबल विचारात पडतो : मुलगा आंधळा आहे. मग तो कुल, ख्याती आणि वर्तन बघतो आणि ‘ददौ’, देऊन टाकतो. ती काय करते? ‘शुश्राव’. ऐकते. ‘दित्सित’ हे ‘दा’चं इच्छादर्शक रूप, म्हणजे द्यायची इच्छा आहे असं. इच्छा बापाची आणि आईची. ज्या वाक्यात गांधारी कर्ता म्हणून स्वतःहून काही करते, ते थेट पट्टीचं वाक्य आहे.

आधुनिक वाचक नेमका इथे थांबतो. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मधली (१९६७) गांधारी फसवणुकीच्या संतापाने डोळे बांधते. तो राग संहितेतून आलेला नाही, संहितेने मोकळ्या सोडलेल्या जागेतून आला आहे. एखादी मुलगी हे का करेल, असं कथेने विचारलंच नव्हतं. आजच्या वाचकाने विचारलं. माझी हरकत एवढीच, की असं वाचन करताना ‘हा माझा अर्थ’ म्हणावं, ‘मूळात असंच आहे’ म्हणू नये.

जुन्या आणि नव्या दोन्ही वाचकांची एक चूक मात्र समान आहे. दोघेही ‘त्याग’ हा शब्द गृहीत धरतात. एकाला त्यागाचं कौतुक, दुसऱ्याला चीड. वरच्या ओळींत ‘त्याग’ नाही, आणि गांधारी स्वतः पुढे जो शब्द वापरते तो ‘तप’ आहे. युद्धानंतर, स्त्रीपर्वात, मुलांची प्रेतं पडलेली असताना ती कृष्णाला म्हणते : ‘पतिशुश्रूषया यन्मे तपः किंचिदुपार्जितम्’. पतिसेवेने मी जे काही तप कमावलं असेल, त्याच्या बळावर तुला शाप देते. मग छत्तिसाव्या वर्षी यादवांचा नाश होईल असं सांगते, आणि तो होतो. ‘उपार्जित’कडे लक्ष द्या. अर्जन, उपार्जन, कमाई. हा हिशेबाचा शब्द आहे. नुसतं सोडून दिलेलं परत मिळत नसतं; हिने साठवलं होतं आणि आता एकरकमी खर्च केलं. त्याच पर्वात युधिष्ठिर तिच्या पायांवर वाकतो तेव्हा ‘पट्टान्तरेण’, पट्टीच्या फटीतून, तिची नजर त्याच्या बोटांच्या टोकांवर पडते आणि त्याची देखणी नखं विद्रूप होतात. (दुर्योधनाला नग्न बोलावून त्याचं शरीर वज्रासारखं केल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण संशोधित आवृत्तीत ती नाही. नखांची आहे, आणि मला ती जास्त भयंकर वाटते.)

म्हणजे महाकाव्यातली पतिव्रता ही निव्वळ सोसणारी बाई नाही. व्रत पाळल्याने शक्ती साठते, आणि तिला कृष्णही टाळू शकत नाही. आपण मराठीत तिला ‘त्यागमूर्ती’ केलं तेव्हा ही शक्ती गळाली आणि सोसणं तेवढं उरलं. आजची वाचक चिडते ती बहुतेक वेळा या उरलेल्या अर्ध्या अर्थावर. उरलेला अर्धा परत आणला म्हणून तिचे सगळे आक्षेप संपतात असं मात्र नाही, कारण शक्ती मिळवायचा मार्ग नवऱ्यातूनच जातो. गांधारी गर्भाच्या ओझ्याने कष्टत असताना धृतराष्ट्राची सेवा एक वैश्य स्त्री करत होती आणि तिला युयुत्सू झाला, हे आदिपर्वच सांगतं. त्याबद्दल राजाचं कोणतंही तप घटल्याचा उल्लेख नाही.

यातूनच तुमचा दुसरा प्रश्न येतो. ‘पतिव्रता’ हा बहुव्रीही समास : पती हेच व्रत जिचं ती. त्यावरून भाववाचक ‘पातिव्रत्य’, पहिलं अक्षर ‘पा’. ‘पतिव्रत्य’ लिहू नये. व्याकरणाला ‘पत्नीव्रत’ असा पुरुष चालतो, समास होतो, शब्द अधूनमधून भेटतोही. रूढ झाला नाही, कारण तशी अपेक्षाच रूढ नव्हती. पुरुषासाठी आपण रामाचं ‘एकपत्नी’ वापरतो : एकवचनी, एकबाणी, एकपत्नी. तिथे भर संख्येवर आहे. बायको एकच, इतकं पुरे. पतिव्रतेला नुसता आकडा पुरत नाही, तिला सगळं आयुष्य लावावं लागतं.

आणि गंमत अशी की संस्कृतात ‘एकपत्नी’ हे बाईचं विशेषण आहे. मेघदूतातला यक्ष मेघाला सांगतो, ‘तां चावश्यं दिवसगणनातत्परामेकपत्नीम्’. दिवस मोजत बसलेली, एकाचीच पत्नी असलेली, ती तुझी वहिनी तुला दिसेल. तिथे ‘एक’ नवऱ्याला लागतं. मराठीत तोच शब्द रामाकडे गेला आणि ‘एक’ बायकोला लागलं. तेव्हा संस्कृत उतारा वाचताना ‘एकपत्नी’ दिसला तर एकदम रामाकडे धावू नका. आधी लिंग आणि विभक्ती बघा.